आत्या तेवीस मिनिटं उशिरा आली नव्हती

दुपारचे बारा वाजून आठ मिनिटं झाली होती. घाटमाथ्यावरच्या दुसऱ्या चेकपॉइंटला कॉलेजातल्या एका मुलाने माझ्या आत्याच्या बिबवर मार्करने फुली मारली. फुली मारताना तो स्वतःच ओशाळला होता. "मावशी, पावणेबाराला बंद झालं. सॉरी." आत्याने पदर कमरेला नीट खोचला, बाटलीतलं पाणी प्यायली आणि त्याला विचारलं, "अरे बाळा, मी दमलेली दिसते का तुला?"

ती दमलेली नव्हती, हे मी शेजारी उभा राहून सांगतो. दमलो मी होतो. आत्या अठ्ठावन्न वर्षांची आहे, रोज पहाटे आठ किलोमीटर चालते आणि तिने तीन वाऱ्या केल्या आहेत. पन्नास किलोमीटरच्या त्या वॉकेथॉनमध्ये आम्ही दोघं चोवीस किलोमीटरवर बाद झालो. परतीच्या गाडीची वाट बघत तासभर सावलीत बसलो, तेव्हा मी मोबाइलवर हिशोब मांडला. तो हिशोब मांडल्यापासून मला राग आलेला आहे. हा लेख त्या रागाचा आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर लोक लगेच म्हणतील की बाद झालेला माणूस रडतोय. कटऑफ हवा, या मताचा मी आहे आणि तो कडक हवा. "शर्यत थोडीच आहे, चालू द्या की ज्याला जसं जमेल तसं," असं म्हणणाऱ्यांनी एकदा स्वयंसेवक म्हणून चेकपॉइंटवर बसून बघावं. ती पोरं पहाटे चारपासून आलेली असतात. शेवटच्या चालणाऱ्याच्या मागे दोन जण सगळा रस्ता झाडत येतात, म्हणजे मागे कुणी राहिलं नाही ना ते बघत. अँब्युलन्स थांबवून ठेवलेली असते. हिवाळ्यात सहा-सव्वासहाला सूर्य बुडतो आणि रानातल्या वाटेवर अंधारात पाय मुरगळलेला माणूस शोधणं म्हणजे काय असतं, ते ज्याने केलंय त्याला विचारा. वेळ कुठेतरी संपायलाच हवी. माझं भांडण वेळ संपण्याशी नाही, ती कुठे आणि कशी संपवली याच्याशी आहे.

आमच्या वॉकेथॉनचा मार्ग साधा होता. मावळात एका धरणाच्या कडेने बारा किलोमीटर सपाट डांबरी रस्ता, तिथे पहिला चेकपॉइंट. पुढचे बारा किलोमीटर घाट, एकूण ६०० मीटर चढ, माथ्यावर दुसरा. मग बारा किलोमीटर पठार, थोडे चढउतार, तिसरा. शेवटचे चौदा किलोमीटर उतार आणि परत सपाट रस्ता. सुरुवात सकाळी सहाला, शेवट संध्याकाळी सहाला, म्हणजे पन्नास किलोमीटरला बारा तास.

आता आयोजकांनी काय केलं असेल ते सांगायला जासूस लागत नाही. बारा तास म्हणजे ७२० मिनिटं. भागिले पन्नास. एका किलोमीटरला चौदा मिनिटं चोवीस सेकंद. या आकड्याने प्रत्येक चेकपॉइंटचं अंतर गुणलं, जवळच्या पाच-दहा मिनिटांना आणलं आणि वेळा छापल्या: पहिला ८:५०, दुसरा ११:४५, तिसरा २:४०, शेवट ६:००. घाट कुठे आहे, याचा या चार वेळांशी काडीचा संबंध नाही. घाट पहिल्या टप्प्यात असता किंवा शेवटच्या, तरी वेळा याच निघाल्या असत्या.

मीही तेच केलं होतं, हे कबूल करतो. आदल्या रात्री आत्याला फोनवर सांगितलं, "आत्या, तासाला सव्वाचार किलोमीटर पडलं की झालं. तू तर पाचने चालतेस." आत्या म्हणाली, "घाटाचा दिवस वेगळा मोजायचा असतो रे." माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडला जाताना दिवेघाट ज्याने चढलाय, त्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. मी हसून विषय बदलला. माझ्याकडे भागाकार होता ना.

घाटाचा दिवस वेगळा कसा मोजायचा, याचं उत्तर १८९२ सालापासून उपलब्ध आहे. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक ठोकताळा दिला. तो आजच्या मापांत असा सांगतात: सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास धरा आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास मिळवा. म्हणजे किलोमीटरला बारा मिनिटं, आणि १०० मीटर उंचीला दहा मिनिटं जास्तीची. या ठोकताळ्याला मर्यादा आहेत. त्यात थकवा धरलेला नाही, ऊन नाही, चहाला थांबणं नाही, दगडांची वाट नाही, गुडघ्यांवर येणारा तीव्र उतार नाही. धडधाकट माणसाचा हिशोब आहे तो. तरीही नुसत्या भागाकारापेक्षा तो शंभर पटीने खरा आहे, कारण जमीन वर जाते हे त्याला माहीत आहे.

आत्याचा दिवस या मापाने मोजू. आमची तुकडी तिसरी होती. पाहुण्यांचं भाषण, झेंडा, मग पुढच्या दोन तुकड्या, असं करत आम्ही सुरुवातीची रेषा ओलांडली ती ६:१० ला. घड्याळ मात्र सगळ्यांचं सहापासून चालू. बारा किलोमीटर, किलोमीटरला बारा मिनिटं, म्हणजे दोन तास चोवीस मिनिटं. आत्या पहिल्या चेकपॉइंटला ८:३४ ला पोचली, कटऑफच्या सोळा मिनिटं आधी. आम्ही खूश. केळं खाल्लं, चहा घेतला, फोटो काढला, दहा मिनिटं गेली. ८:४४ ला निघालो. पुढे बारा किलोमीटरचे १४४ मिनिटं आणि चढाचा एक तास, म्हणजे तीन तास चोवीस मिनिटं. माथ्यावर १२:०८. आत्याचा वेग पाठ्यपुस्तकासारखा पडला. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही.

आणि ती तेवीस मिनिटं "उशिरा" आली होती.

आता तिला थांबवलं नसतं तर काय झालं असतं ते बघा. माथ्यावर पंधरा मिनिटं विश्रांती, १२:२३ ला निघणं. पठाराचे बारा किलोमीटर आणि साधारण शंभर मीटरचा किरकोळ चढ, १५४ मिनिटं, तिसऱ्या चेकपॉइंटला २:५७. तिथेही कटऑफ चुकलाच असता, सतरा मिनिटांनी. दहा मिनिटं थांबून ३:०७ ला निघणं, उताराचे आणि सपाटीचे चौदा किलोमीटर, १६८ मिनिटं. शेवटची रेषा ५:५५ ला.

म्हणजे जी बाई दोन चेकपॉइंटना बाद ठरते, ती सहाच्या आत पोचते. आयोजकांच्याच बारा तासांत, तेही उशिरा सोडलेली दहा मिनिटं गिळून. ती पोचलीच असती असं मी शपथेवर म्हणत नाही. चाळीस किलोमीटरनंतर पाय काय करतील ते पायांनाच माहीत. पण तिला थांबवण्याचं कारण "तू वेळेत पोचणार नाहीस" असं दिलं गेलं, आणि ते कारण खोटं होतं.

इथे एक शहाणा प्रश्न येतो: मग तुम्ही पहिल्या टप्प्यात जरा भराभर का नाही चाललात? हा प्रश्न मला आवडतो, कारण या सगळ्यातली लबाडी तिथेच उघडी पडते. माथ्यावर पावणेबाराला पोचायचं, तर आत्याच्या चालीने पहिला चेकपॉइंट ८:२१ ला सोडावा लागत होता. ६:१० ला निघून, कुठेही न थांबता. म्हणजे किलोमीटरला अकरा मिनिटांहून कमी, तासाला साडेपाच किलोमीटर. आयोजकांनी छापलेला वेग होता चौदा मिनिटं चोवीस सेकंद. खरा लागणारा वेग होता अकरा मिनिटं. पहिल्या टप्प्याचा खरा कटऑफ दुसऱ्या टप्प्याच्या घाटात लपवलेला होता आणि तो कुठेच छापलेला नव्हता. शिवाय सकाळी साडेपाचच्या चालीने पाय तापवून मग ६०० मीटर चढायचा, त्याची किंमत वेगळीच.

आणि ज्यांना पहिल्या चेकपॉइंटने पास केलं, त्यांचं काय? आमच्यामागे एक घोळका ८:५० ला, अगदी काठावर पोचला. स्वयंसेवकांनी टाळ्या वाजवल्या, "चला चला, आहात वेळेत" म्हणून पुढे सोडलं. ही माणसं सपाटीवर किलोमीटरला सव्वातेरा-साडेतेरा मिनिटांनी चालत होती. नियमाने त्यांना माथ्यावर जायला १७५ मिनिटं दिली. त्यातून चढाचा एक तास वजा करा. उरतात ११५ मिनिटं, बारा किलोमीटरला. म्हणजे डांबरी सपाट रस्त्यावर जो माणूस तेरा मिनिटांनी चालत होता, त्याने आता घाटात साडेनऊ मिनिटांच्या तोडीची चाल लावायची. हे होणार नव्हतं. ८:५० ला होणार नव्हतं हे कागदावर दिसत होतं. तो घोळका साडेबाराला, भर उन्हात, माथ्यावर आला आणि तिथे बाद झाला. त्यांतला एक जण शेवटचा चढ दुसऱ्याच्या खांद्याला धरून चढला. त्याला धरणाकाठीच, जिथे गाडी दोन मिनिटांत येते, तिथेच प्रेमाने थांबवायला हवं होतं.

म्हणून म्हणतो, सरासरीचा कटऑफ दोन्हीकडून मारतो. जो पोचू शकतो त्याला घाटमाथ्यावर थांबवतो आणि जो पोचू शकत नाही त्याला घाटात सोडतो.

मग बरोबर वेळा कशा काढायच्या? उलट. शेवटापासून मागे या. आपण बसल्या बसल्या काढू, कागद-पेन पुरे. सहाला पोचू शकणारा सगळ्यात संथ माणूस डोळ्यांपुढे ठेवा. शेवटचे चौदा किलोमीटर तो थकून साडेबारा मिनिटांनी चालेल, १७५ मिनिटं. म्हणजे तिसरा चेकपॉइंट ३:०५ ला सोडायला हवा आणि पाच मिनिटं पाण्याला दिली तर तिथे ३:०० ला पोचायला हवं. पठाराच्या बारा किलोमीटरला, दुपारच्या उन्हात, तेरा मिनिटांचा वेग धरा: १५६ मिनिटं. म्हणजे माथा १२:२४ ला सोडायचा, तिथे १२:१५ ला पोचायचं. घाटाचे बारा किलोमीटर साडेबाराने आणि चढाचा तास, साडेतीन तास. म्हणजे पहिला चेकपॉइंट ८:४५ ला सोडायचा, ८:४० ला पोचायचं.

आता दोन्ही वेळा शेजारी ठेवा:

पहिला चेकपॉइंट: छापलेला ८:५०, खरा ८:४०.
दुसरा: छापलेला ११:४५, खरा १२:१५.
तिसरा: छापलेला २:४०, खरा ३:००.
शेवट: दोन्ही ६:००.

पहिली ओळ नीट बघा. खरा कटऑफ सपाटीवर दहा मिनिटांनी जास्त कडक आहे. मी सवलत मागत नाही. काठावरच्या त्या घोळक्याला मी आयोजकांच्या आधी थांबवलं असतं. घाट चढून गेल्यावर मात्र अर्धा तास जास्त दिला असता, कारण घाट चढायला तो अर्धा तास लागतोच. आत्या या चारही वेळांच्या आत बसते: ८:३४, १२:०८, २:५७, ५:५५.

"एवढं कोण करणार, आमच्याकडे चारशे माणसं असतात," असं एका आयोजकाने मला नंतर फोनवर सांगितलं. चारशे माणसांसाठी चारशे हिशोब लागत नाहीत, एक लागतो. मार्ग आखताना मोबाइलमध्ये जी फाइल तयार होते, तिच्यात प्रत्येक टप्प्याचा चढ लिहिलेला असतो. तो वाचायचा. नाहीतर त्याहून जुना उपाय: कार्यक्रमाच्या महिनाभर आधी, तुमच्या ओळखीतल्या एका संथ पण न थांबणाऱ्या माणसाला घेऊन तो मार्ग एकदा चाला आणि वेळा लिहून ठेवा. माझी आत्या फुकट येईल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. मोठ्या मोठ्या स्पर्धांतही नियम निष्ठुर असतात, मग आपणच का कुरकुरायचं? दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स मॅरेथॉन घ्या. पुण्या-मुंबईचे बरेच धावपटू तिथे जातात, म्हणून आपल्याकडे ती माहीत आहे. जवळपास नव्वद किलोमीटर, बारा तास. बारा तास पुरे होताच बंदूक वाजते आणि ती वाजवणारा माणूस शेवटच्या रेषेकडे पाठ करून उभा असतो, म्हणजे कोण एका पावलाने चुकतंय ते त्याला दिसू नये. याहून निष्ठुर काय असणार? पण हा निष्ठुरपणा आधी सांगितलेला आहे. परंपरेने तिथलं घड्याळ पहिल्या बंदुकीपासून चालतं, मागे उभ्या असलेल्याची रेषेपर्यंत जायची मिनिटं त्याच्याच खात्यात जातात, आणि हे प्रत्येक धावणाऱ्याला महिनोन् महिने आधी माहीत असतं. तो त्याप्रमाणे तयारी करतो. आम्हाला तुकडीचं घड्याळ की झेंड्याचं, हे त्या मुलाने माथ्यावर सांगितलं. बाद झाल्यावर.

आणि सरासरी किती फसवी असते, त्याचं उदाहरण हवं तर हाँगकाँगचा ट्रेलवॉकर बघा. १९८१ साली तिथल्या गुरखा सैनिकांच्या सरावातून तो सुरू झाला. चौघांचा संघ, शंभर किलोमीटर, ४८ तास. भागाकार करा: तासाला जेमतेम दोन किलोमीटर. बाजारात भाजी घेताना आपण याहून भराभर चालतो. पण मॅकलेहोज ट्रेलवर निम्म्याहून जास्त अंतर संपल्यावर ताइ मो शान हा हाँगकाँगमधला सर्वांत उंच डोंगर लागतो, त्याआधी रात्र गेलेली असते आणि चौघांपैकी सर्वांत हळू चालणारा हाच संघाचा वेग असतो. "तासाला दोन" हा आकडा ऐकून जो निश्चिंत झाला, त्याचं पुढे काय होतं ते सांगायला नको.

तेव्हा आयोजकांकडे माझ्या तीन मागण्या आहेत आणि त्यांना पैसे लागत नाहीत. वेळा चढ बघून, शेवटाकडून मागे मोजून काढा. घड्याळ कुणाचं, झेंड्याचं की तुकडीचं, हे नोंदणीच्या पानावर लिहा. आणि कटऑफ चेकपॉइंटला पोचण्याचा की तिथून निघण्याचा, हेही लिहा. माथ्यावर एक जोडपं ११:४० ला वेळेत पोचून पोहे खात बसलं होतं. ११:४६ ला निघायला उठलं, तर त्यांनाही फुली मारली. हातातली प्लेट तशीच राहिली.

चालणाऱ्यांना एकच सांगणं. छापलेली सरासरी विसरा. नोंदणी केल्यावर प्रत्येक टप्प्याचा चढ विचारा, तुमच्या चालीने टप्प्याला किती मिनिटं लागतील ते लिहा, थांबण्याची मिनिटं त्यात मिळवा आणि मग बघा कुठला कटऑफ सर्वांत घट्ट आहे. बहुतेक वेळा तो घाटानंतरचा निघेल. त्याच्या आधीच्या चेकपॉइंटला तुम्ही किती मिनिटं हातात ठेवून पोचता, ते मोजा. आम्ही सोळा मिनिटं हातात आहेत म्हणून चहा प्यायलो. आम्हाला एकोणतीस लागत होती, आणि तीही चहाशिवाय.

त्या मुलाला आत्याने जाताना दोन लाडू दिले. तो सकाळपासून काही खाल्लं नाही म्हणाला. त्याच्यावर माझा राग नाही, त्याच्या हातात फक्त मार्कर आणि कुणीतरी दिलेला कागद होता.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका वॉकेथॉनची जाहिरात आली. मी आत्याला पाठवली. दहा मिनिटांत तिचा फोन: "पैसे भरू नकोस अजून. आधी विचार, घाट कितव्या टप्प्यात आहे." मी विचारलं. तीन दिवस झाले, उत्तर आलेलं नाही. पैसे अजून आत्याच्याच पिशवीत आहेत.